गणपतीच्या पोटातलं पाकीट

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. म्हणजे सांगितली नाही असं नाही. नातीला झोपवताना मी ती इतक्या वेळा सांगितली, की आमच्या घरातल्या भिंतींनाही ती पाठ झाली असेल. पण मी जी सांगत होतो ती दुसरीच होती. खरी गोष्ट बायकोलाही ठाऊक नव्हती, आणि तिला माझी अंडरपँट कोणत्या खणात आहे इथपासून सगळं ठाऊक असतं. आता सत्तरी जवळ आली आहे. लोक माझ्या प्रामाणिकपणाबद्दल श्रद्धांजलीच्या सभेत काहीबाही बोलतील, त्याआधी लिहून टाकतो.

नात तेव्हा दहा वर्षांची होती. तिचे आईवडील दोघे नोकरीवाले, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पेणला आमच्याकडे असायची. दहा वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगून झोपवणं हे काम किती अवघड, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. पाच वर्षांच्या मुलाला वाघ बोलला तरी चालतो. दहा वर्षांची मुलगी विचारते, वाघाला मराठी कोणी शिकवली? राजा-राणी तिला बाळबोध वाटतात आणि भुताची सांगितली तर ती आपल्यालाच रात्रभर उठवते. तिला हवी असते खरी वाटणारी गोष्ट, तिच्याच वयाच्या मुलाची, ज्यात त्याच्यावर संकट येतं पण फार मोठं नाही, आणि शेवटी ज्याचं त्याला मिळतं. शेवट नीट लागला नाही तर ती झोपत नाही. आणि काल मुलाचा शर्ट निळा होता तर आज पांढरा चालत नाही. सांगणाऱ्याने आवाज हळूहळू खाली आणायचा, वाक्यं लांबवायची, शेवटाच्या जवळ आल्यावर नवीन माणूस आणायचा नाही. हे सगळं मी चुका करत करत शिकलो.

तर माझी गोष्ट अशी होती. एक मुलगा रोह्याहून पेणला एसटीने येत असतो. गाडीत एक दुष्ट कंडक्टर असतो. मोठ्या मिशा, सोन्याचा दात, चोरटे डोळे. तो एका गरीब कामगाराचं पाकीट लांबवतो. पुढे पकडलं जाण्याच्या भीतीने तो ते शाळेसमोरच्या गटारात टाकतो. आपल्या शूर मुलाला ते सापडतं, तो ते स्वातंत्र्यदिनाला झेंड्यासमोर हेडमास्तरांच्या हातात देतो, टाळ्या वाजतात, मुलाला स्टीलचा पेला मिळतो, कामगार रडतो, आणि झोपा आता.

"तो मुलगा तुम्हीच ना आजोबा?"

"असेलही," मी म्हणायचो. विनय म्हणतात तो हाच.

सोन्याच्या दाताचा परिणाम असा झाला, की एकदा तिला नागोठण्याला नेत होतो तेव्हा तिने सगळ्यांदेखत एसटीच्या कंडक्टरला विचारलं, "तुमचा दात कुठेय?" तो बिचारा गडबडला. दाताची तक्रार आता प्रवासीही करायला लागले, म्हणाला.

आता खरं काय झालं ते.

सातवीत होतो. रविवारी रोह्याला मावशीकडे गेलो होतो, संध्याकाळच्या गाडीने एकटा परत येत होतो. माझ्या पुढच्या सीटवर गडबचा एक जण होता. धाटावला कंपनीत कामाला, शिफ्ट संपवून घरी चाललेला. खिडकीला डोकं टेकून झोपला होता. गडब आलं तेव्हा कंडक्टरने त्याला हलवून उठवलं. "उतरा भाऊ, तुमचं गाव हाय." तो डोळे चोळत, छत्री शोधत घाईने उतरला. गाडी सुटल्यावर मी पुढे वाकलो, तर त्याच्या सीटवर पाकीट. काळं, चामड्याचं, फुगलेलं. आत कंपनीचा गेटपास, त्यावर त्याचा फोटो, एसटीचा महिन्याचा पास, औषधाच्या दुकानाची एक चिठ्ठी आणि नुकताच झालेला पगार.

एक स्पष्ट सांगतो, पैशावर माझा डोळा नव्हता. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पैशाचा मोह झाला असता तर निदान माणसांत जमा झालो असतो. माझा मोह त्याहून हलका होता.

अशा वेळी काय करायचं असतं ते मला पक्कं माहीत होतं. गाडीत सापडलेली वस्तू कंडक्टरकडे द्यायची. कंडक्टर ती शेवटच्या स्टँडवर कंट्रोलरच्या हवाली करतो, तिथे ती कुठल्या गाडीत, कोणाला, कधी मिळाली ते लिहून घेतात, आणि मालक खूण पटवून सही करून घेऊन जातो. आमच्या कंडक्टरला तर पाकीट कोणाचं ते लगेच कळलं असतं. गेटपासवर फोटोच होता. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत तो माणूस चढला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मग मला काय मिळालं असतं? कंडक्टर म्हणाला असता, शहाणा हायस. बस.

आणि आमच्या शाळेत हेडमास्तरांची एक प्रथा होती. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की 'प्रामाणिक विद्यार्थ्या'चं नाव पुकारायचं आणि नाव कोरलेला स्टीलचा पेला द्यायचा. आदल्या वर्षी एकाने हेडमास्तरांचीच छत्री त्यांना परत केली होती, त्यालाही पेला मिळाला होता. छत्रीला पेला, तर पाकिटाला किमान पाण्याचा जग तरी मिळेल असा माझा अंदाज. पंधरा ऑगस्ट आठवड्यावर आला होता. मी पाकीट शर्टाच्या आत सरकवलं.

पेण स्टँडला गाडी रिकामी झाल्यावर कंडक्टर नेहमीप्रमाणे एकेका सीटखाली वाकून बघत मागे आला. माझ्यापाशी थांबला.

"काय रे, काय राह्यलं तर नाय ना तुझं?"

"नाय मास्तर," मी म्हणालो. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात.

तो सडपातळ, गुळगुळीत दाढी केलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस होता. मिशी नव्हतीच. दात सगळे पांढरे.

आता पाकीट लपवायचं कुठे? आमचे वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे, आणि आमचं घर कारखान्याला लागूनच होतं. पेणमध्ये ऑगस्टात माणसांना बसायला जागा नसते, सगळीकडे गणपती बसलेले. लहान मूर्ती साच्यातून काढलेली, आतून पोकळ, खालून उघडी. मी मागच्या फळीवरचा एक कच्चा, बिनरंगाचा गणपती उचलला, पाकीट आत कोंबलं आणि मूर्ती जागेवर ठेवली. देवावर विश्वास म्हणतात तो हाच, असं मला तेव्हा वाटलं.

मग तो आठवडा देवाने माझ्याकडून वसूल केला. रोज सकाळी उठून बघायचो, माझा गणपती कुठे आहे. एक दिवस त्याला रंगात घेतलं. वडिलांनी सोंडेवर गुलाबी रंगाचा हात फिरवला, मी बाजूला उभा.

"काय बघतोस रे एवढं?"

"सुंदर झालाय."

"तुला कधीपासून कळायला लागलं?"

दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणारा ट्रक लागला. मूर्ती पेंढ्यात बसवून चढवत होते. मी धावत जाऊन माझा गणपती मिठीत घेतला. हमाल म्हणाला, "या पोराची भक्ती बघा!" वडिलांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी ती मूर्ती घरासाठी ठेवून घ्यायचं ठरवलं.

इकडे गडबचा माणूस दुसऱ्याच दिवशी पेण स्टँडला आला होता. कंट्रोलरकडे काहीच जमा नव्हतं. मग त्याने सरळ बोट दाखवलं. मला झोपेतून कोणी हलवलं? कंडक्टरने. खांद्याला हात कोणी लावला? कंडक्टरने. तक्रार झाली, चौकशी लागली. नेहमीच्या गाडीवरून त्याला काढलं आणि डोंगराकडच्या मुक्कामी गाडीवर टाकलं, जिथे रात्री गाडीतच झोपायचं. शाळेतल्या पोरांपर्यंत हे आलं, आणि त्याची गाडी स्टँडवर लागली की पोरं लांबून ओरडायची, "पाकीट सांभाळा!" त्या पोरांत मीही होतो. माझाच आवाज सगळ्यांत मोठा असायचा. कोणाला संशय नको म्हणून.

आता पाकीट द्यायचं तर हा प्रश्न आलाच, की इतके दिवस कुठे होतं? चौदा ऑगस्टला मी विचार केला, तेव्हा सुचलं गटार. आजच सकाळी सापडलं म्हणायचं. पण पाकिटाला आतबाहेर शाडूची पांढरी भुकटी लागली होती. गटारात शाडू कुठून येणार? म्हणून मी ते नळाखाली धरून घासलं, नंतर अंगणातल्या डबक्यात बुडवून काढलं. गेटपासवरचा फोटो विरघळून त्या माणसाला दाढी आल्यासारखं दिसायला लागलं. नोटा मात्र आधी काढून, पाकीट भिजल्यावर परत घातल्या. पैशांच्या बाबतीत मी प्रामाणिकच होतो, हे पुन्हा सांगतो.

झेंडावंदन झालं. माझं नाव पुकारलं. पेला मिळाला. हेडमास्तरांनी सांगितलं, चोराने भीतीने टाकलेलं पाकीट या मुलाने उचलून दिलं. सगळ्या पेणला कळलं चोर कोण ते. मी काहीच म्हणालो नाही. माझ्या खोट्याला पुढचं काम सांगावं लागलं नाही, ते एकटंच चालत गेलं.

तर ही गोष्ट मी रोज रात्री सोन्याचा दात लावून सांगत आलो. एका रात्री नात अर्ध्यावर उठून बसली.

"आजोबा, पैसे सगळे होते ना पाकिटात?"

"सगळे."

"मग कंडक्टर चोर कसा? चोराने पैसे घेऊन पाकीट टाकलं असतं."

मी म्हणालो, "घाबरला तो."

"घाबरला तर गाडीतच टाकलं असतं ना. शाळेपर्यंत कशाला येईल?"

अख्ख्या पेणमध्ये, हेडमास्तर धरून, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. मी म्हणालो, "झोप आता." ती झोपली नाही. छताकडे बघत पडली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि नोटा ओल्या होत्या का?"

मी तिची चादर नीट केली.

"पाकीट ओलं आणि नोटा कोरड्या?"

हा तपशील मी कुठल्या तरी रात्री, रंगाच्या भरात, स्वतःच सांगून बसलो होतो. हेडमास्तरांनी कोरड्या नोटा मोजून दाखवल्या, असं. मी दुसऱ्या कुशीला वळलो. तेव्हा तिने निकाल दिला.

"तो मुलगाच खोटारडा होता. त्याच्याकडेच होतं पाकीट."

"असं म्हणतेस?"

"हो. मग त्याने कंडक्टरला सॉरी म्हटलं का?"

"म्हटलं असेल."

"असेल नको. म्हटलं का? आणि कंडक्टर काय म्हणाला?"

मी सांगायला गेलो. मुलगा मोठा होतो, एसटीत बसून रोह्याला जातो, कंडक्टरच्या दारात उभा राहतो. इथपर्यंत जमलं. पुढे कंडक्टर काय म्हणतो ते मला सुचेना. दोन-तीन उत्तरं लावून बघितली. तिने सगळी नापास केली. "असं कोणी बोलतं का?" त्या रात्री ती झोपली नाही. दुसऱ्या रात्रीही तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "काय ते एकदा तुमच्या गोष्टीचं मिटवा. पोरगी दिवसभर पेंगत असते."

तेव्हा मी रोह्याला जायचं ठरवलं. पश्चात्तापाने नव्हे, गोष्टीला शेवट हवा म्हणून. कंडक्टर अजून आहे हे मला माहीत होतं. कुठे राहतो तेही माहीत होतं. मावशीच्या आळीच्या मागेच. पत्ता माहीत नव्हता असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवली नव्हती.

एसटीत बसून वाक्य तयार केलं. 'मास्तर, ते पाकीट माझ्याकडे होतं.' सोपं आहे. गडबपर्यंत ते पाठ झालं. भिसे खिंडीत पुन्हा म्हणून बघितलं. शेजारचा माणूस थोडा सरकून बसला. रोहा आलं तेव्हा वाक्यात 'लहान होतो', 'समज नव्हती', 'परिस्थितीच तशी' अशी बरीच भर पडली होती.

कंडक्टर पडवीत खुर्चीवर बसले होते. वय झालेलं, पण हसू तेच. मी माझी ओळख सांगितली, पेणचा, अमक्याचा मुलगा. ते डोळे बारीक करून बघत राहिले.

मी म्हणालो, "मास्तर, ते पाकीट..."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"अरे! पंधरा ऑगस्टवाला! तूच ना तो?" आत वळून सुनेला हाक मारली, "ए गो, भायेर ये! कोण आलाय बघ! पाकीटवाला पोरगा मी सांगतो ना नेहमी, तो हाय!"

सून बाहेर आली. "हे का ते? बाबा तुमचं लय सांगतात."

"मास्तर, ऐका ना..."

"तू ऐक. तुझ्यामुळं माझी नोकरी राह्यली. मोठे साहेब म्हणाले, सगळे पैसे हायत म्हणजे या माणसाने घेतलेले नाय. फाईल बंद. दुसरं कोण असता तर पैसे काढून पाकीट फेकून दिलं असतं. मग माझं काय झालं असतं?" मग सुनेला, "पोहे टाक गो. खोबरं भरपूर घाल."

मी म्हणालो, पोहे नको. ते म्हणाले, नको काय, प्रामाणिक माणसाला रिकाम्या पोटी पाठवू काय?

पोहे आले. मी खात होतो आणि ते बोलत होते. लोकांचं तोंड मात्र बंद झालं नाही, म्हणाले. पाकीटवाला मास्तर म्हणायचे, निवृत्त होईपर्यंत. "त्याचं काय नाय. पण एक गोष्ट मनातून गेली नाय बघ."

"कुठली?"

"टाकलं कोणी, ती. मला कळली, पण उशिरा. तो गडबवाला नंतर माफी मागायला आला होता. पाकीट दाखवलं त्याने. शिवणीत पांढरी माती बसलेली. शाडू! मी पेणला इतकी वर्षं गाडी नेली, शाडू मला कळत नाय? आणि आमच्या ड्रायव्हरचा भाऊ गणपतीच्या कारखान्यात होता. मग काय ते कळलं. त्यानंच उचललं आणि घाबरून टाकलं."

मी पोह्यांच्या बशीकडे बघत होतो.

"तो ड्रायव्हर नि मी, एका ताटात जेवलो होतो आम्ही," ते म्हणाले. "त्याला मी काय बोललो नाय. त्याच्याबरोबरची ड्युटी बदलून घेतली. रस्त्यात दिसला तर मान वळवायचो. त्याने एकदा घरी येऊन विचारलं, माझं काय चुकलं? मी दार लावून घेतलं. दोन वर्षं झाली तो गेला. मी मयताला गेलो नाय."

सून म्हणाली, "बाबा, पुरे आता ते."

"पुरे तर पुरे. घे रे, अजून घे."

तिथे बोलायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. त्यातलं 'लहान होतो', 'समज नव्हती' सगळं गळून गेलं होतं, नुसतं 'मास्तर, शाडू माझा' एवढंच उरलं होतं. पण आता ते बोलणं म्हणजे त्यांच्याकडून एकच चांगली आठवण काढून घेणं आणि त्या जागी मित्राचं मरण ठेवणं, असं मला वाटलं. म्हणजे असं वाटलं असं मी परतीच्या गाडीत ठरवलं. तिथे खुर्चीवर मला फक्त एवढंच वाटत होतं, की हा माणूस मला चांगला म्हणतोय आणि त्याने तसंच म्हणत राहावं. पेल्याची हाव माझी गेली नव्हती. मी अजून पोहे घेतले.

निघताना त्यांनी सुनेकडून आंबे बांधून दिले. "पेणला गेलो तर येईन तुझ्याकडे. नातीला सांग, रोह्याच्या आजाने दिले."

रात्री नात जागीच होती.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, होतं असं कधीकधी."

तिने विचार केला. "आणि मुलगा रडला का?"

"नाही. पोहे खाल्ले."

ती हसली. "हे खरं वाटतं," म्हणाली आणि झोपली. गोष्टीला अखेर तिला पटणारा शेवट मिळाला. मी मात्र पहाटेपर्यंत टक्क जागा.

पावसाळ्यानंतर पुन्हा जायचं, असं मी ठरवलं. मग गणपती आले, मग दिवाळी, मग गुडघ्याचं दुखणं. ज्याला टाळायचं असतं त्याला पंचांगात कारणं कमी पडत नाहीत. संक्रांतीच्या सुमाराला मावशीच्या घरून फोन आला, की मास्तर गेले. मी त्या वेळी गेलो. सुनेने सगळ्यांना सांगितलं, हे ते पाकीटवाले. लोकांनी मला बसायला पुढे जागा दिली. मी तिथेही बोललो नाही. ड्रायव्हरच्या घरी आता कोण आहे, याची चौकशी मात्र करून ठेवली आहे. अजून गेलेलो नाही.

मास्तर, पाकीट त्या संध्याकाळपासून माझ्याकडे होतं. तुम्ही सीटखाली वाकून बघत होतात तेव्हा ते माझ्या शर्टात होतं. गटार मी रचलं. ती माती आमच्या कारखान्यातली होती, तुमच्या ड्रायव्हरचा त्यात काही संबंध नव्हता, तो विचारायला आला तेव्हा त्याला खरंच काही माहीत नव्हतं. तुम्ही त्याच्यासमोर दार लावलंत ते माझ्यामुळे. माझं चुकलं मास्तर. हे सांगायलाच मी त्या दिवशी तुमच्याकडे आलो होतो.